‘आज सरांनी काय घेतलं?’

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर संध्याकाळी हा प्रश्न आला नाही, असा दिवस विरळा. उत्तरादाखल कुणीतरी पीपीटीची फाइल टाकतं, दोन-चार अंगठे येतात आणि तासाला नसलेल्यांचं काम झालं असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात गैरहजर मुलगी ती फाइल उघडते, तक्ता बघते आणि त्यातले आकडे कुठून आले हे न कळून बंद करते. यात तिचं काही चुकलेलं नाही. स्लाइड शिकवणाऱ्याने स्वतःच्या बोलण्याला आधार म्हणून केलेली असते. आकडा स्लाइडवर असतो, त्यामागचं कारण मात्र सर बोलून गेलेले असतात किंवा त्यांनी ते फळ्यावर लिहून पुसलेलं असतं. ग्रुपवर टाकायच्या सारांशात नेमकं तेच यायला हवं.

उदाहरण अकाउंटन्सीचं घेऊ. समजा, आज घसारा शिकवला. स्लाइडवर व्याख्या आहे, घसाऱ्याची कारणं आहेत, स्ट्रेट लाइन आणि डब्ल्यूडीव्ही या दोन पद्धतींची नावं आहेत आणि एक गणित आहे: यंत्राची किंमत ९०,००० रुपये, बसवण्याचा खर्च १०,०००, खरेदी १ ऑक्टोबर २०२२, दर वार्षिक १० टक्के, वर्षअखेर ३१ मार्च. त्याखालच्या तक्त्यात डब्ल्यूडीव्हीचे तीन आकडे आहेत: ५,०००, ९,५०० आणि ८,५५०.

ज्याने तास ऐकलाच नाही, तो पहिल्याच आकड्यावर अडकतो. ९०,००० चे १० टक्के ९,००० होतात, मग ५,००० कसे? याचं उत्तर दोन गोष्टींत आहे आणि दोन्ही तोंडी सांगितलेल्या होत्या. एक, यंत्र चालू करण्याजोगं होईपर्यंतचा खर्च त्याच्या किमतीतच धरायचा, म्हणून मूळ रक्कम १,००,००० रुपये. दोन, वर्ष ३१ मार्चला संपतं आणि यंत्र १ ऑक्टोबरला आलं, म्हणजे पहिल्या वर्षी ते सहाच महिने वापरात होतं. १०,००० चे निम्मे ५,०००. पुढे ९५,००० वर १० टक्के म्हणजे ९,५००, मग ८५,५०० वर ८,५५०, आणि ३१ मार्च २०२५ ला शिल्लक ७६,९५०. स्ट्रेट लाइनने गेलं तर घसारा ५,०००, १०,००० आणि १०,००० होतो, आणि शिल्लक ७५,००० राहते.

एवढं समजलं की मेसेज लिहायला अवघड नाही. तो साधारण असा असावा:

‘आज घसारा, दोन पद्धती. स्ट्रेट लाइनमध्ये दर वर्षी मूळ किमतीवर घसारा, म्हणून रक्कम तीच राहते. डब्ल्यूडीव्हीत आधीच्या वर्षाच्या शिल्लकेवर, म्हणून ती दर वर्षी कमी होत जाते. स्लाइडवरच्या गणितात किंमत ९०,००० नाही, बसवण्याचा खर्च धरून १,००,००० घ्यायची. पहिल्या वर्षी सहाच महिने, म्हणून ५,०००. ताळा: तिन्ही वर्षांचा घसारा २३,०५० अधिक शिल्लक ७६,९५०, बेरीज १,००,००० आली पाहिजे. व्याख्या आणि कारणं पुस्तकात आहेत, तीच आहेत. विक्रीच्या नोंदी अजून घेतलेल्या नाहीत.’

पहिली दोन-तीन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. व्हॉट्सअ‍ॅप लांब मेसेज मध्येच दुमडून ‘Read more’ दाखवतं आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. म्हणून ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेक्चरचा सारांश खालीलप्रमाणे’ यात ती जागा घालवू नये. शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण काय घेतलेलं नाही हे कळलं नाही तर गैरहजर मुलं न शिकवलेलं शोधत बसतात.

व्याख्या गाळली म्हणून कुणी तक्रार करेल. पण ती छापील पुस्तकात आहे, आणि ती पुन्हा टाइप करण्यात जाणारा वेळ ‘पहिल्या वर्षी ५,००० का’ हे सांगण्यात घालवलेला बरा. बहुतेक सारांश नेमके उलटे लिहिलेले असतात: स्लाइडवरची शीर्षकं एकाखाली एक उतरवलेली आणि गणितापुढे ‘एक उदाहरण सोडवलं’ एवढंच. तो सारांश कुणी लिहिलाच नसता तरी काही बिघडलं नसतं.

सर डब्ल्यूडीव्हीचं कारणही तोंडीच सांगतात, आणि ते मेसेजमध्ये एका ओळीत मावतं. यंत्र जुनं होत जातं तसा दुरुस्तीचा खर्च वाढतो. घसारा कमी होत गेला तर घसारा आणि दुरुस्ती मिळून दर वर्षीचा भार साधारण सारखा राहतो. मात्र या पद्धतीत शिल्लक कधीच शून्य होत नाही. १० टक्क्यांच्या स्ट्रेट लाइनमध्ये, भंगाराची किंमत धरली नाही तर, ती दहा वर्षांत संपते. परीक्षेत फरक विचारतात तेव्हा हे दोन मुद्दे लिहिणारी मुलं थोडी असतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो जाता जाता उच्चारलेल्या वाक्यांमुळे. ‘आयकरात १८० दिवसांचा नियम आहे’ असं सर म्हणून गेले आणि सारांश लिहिणाऱ्याने ‘अर्धं वर्ष असेल तर निम्मा घसारा, १८० दिवसांचा नियम’ असं एकत्र ठोकून दिलं, की दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली. आपल्या गणितात महिन्यांच्या हिशेबाने घसारा धरला आहे. आयकरात मालमत्ता त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा दर लागतो. १ ऑक्टोबरला घेऊन त्याच दिवशी चालू केलेलं यंत्र ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस वापरात असतं, म्हणजे आयकराच्या हिशेबाने त्याला पूर्ण वर्षाचा घसारा मिळतो. तारीख तीच, यंत्र तेच आणि उत्तरं दोन! असं वाक्य नीट ऐकू आलं नसेल तर ते सारांशात घालू नये, किंवा ‘आयकराचा नियम वेगळा आहे, उद्या सरांना विचारायचा आहे’ एवढंच लिहावं. चुकीचा सारांश फॉरवर्ड होत जातो, आणि दुरुस्तीचा मेसेज तेवढा फिरत नाही. चूक लक्षात आली तर मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करून नवा टाकणं बरं. खाली ‘सॉरी, ते ५,००० वाचा’ लिहिलं तर अर्ध्यांना ते दिसतच नाही.

फळ्याचा फोटो असेल तर जरूर जोडावा, पण तो मेसेजच्या जागी नको. फोटोत गणिताच्या पायऱ्या दिसतात, ९०,००० चे १,००,००० कधी आणि का झाले ते दिसत नाही.

सारांश वाचून विषय कळला की नाही हे गैरहजर मुलांना स्वतःलाच तपासता यावं, म्हणून मेसेजच्या शेवटी उत्तरासकट एक छोटं गणित द्यावं. हेच यंत्र ३० सप्टेंबर २०२४ ला ७८,००० रुपयांना विकलं तर डब्ल्यूडीव्हीने नफा की तोटा? सहा महिन्यांचा घसारा ४,२७५, शिल्लक ८१,२२५, म्हणून तोटा ३,२२५ रुपये. स्ट्रेट लाइनने तोच तोटा २,००० येतो.