नव्या पत्त्याची पत

मेल पाठवण्यासाठी स्वतंत्र आयपी पत्ता घेतला, की तो कोराच असतो असं नाही. आधीच्या भाडेकरूने तिथून स्पॅम पाठवलं असेल, तर ती बदनामीही सोबत येते. म्हणून आधी तो काळ्या यादीत नाही ना, हे बघावं.

मग उलट नोंद, म्हणजे पीटीआर. डोमेनच्या नावावरून आकडा सापडतो. पीटीआर आकड्यावरून नाव सांगते. बरेच जण ती आपल्या डोमेनच्या सेटिंगमध्ये शोधत बसतात. पण आकडा ज्याच्या मालकीचा, नोंद त्याच्याच हाती. बहुधा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे ती मागावी लागते. दोन्ही दिशा जुळतात का, ते असं तपासता येतं:

```
dig -x 203.0.113.25 +short
dig mail.example.com +short
```

पहिल्याचं उत्तर `mail.example.com.`, दुसऱ्याचं `203.0.113.25` यायला हवं. नोंद नसेल तर जीमेल `550-5.7.25` म्हणत मेल परत पाठवू शकतं.

आता समजा, वर्गणीदार 40,000 आहेत. पहिल्याच दिवशी सगळ्यांना मेल धाडला, तर अनोळखी पत्त्यावरून आलेला लोंढा संशयास्पदच वाटणार. नेहमी मेल उघडणाऱ्या 200 जणांपासून सुरुवात करावी, मग 400, 800 असं वाढवावं. लॉगमध्ये `421` वाढू लागले, तर समोरचा ‘जरा थांबा’ म्हणतोय. आकडा तिथेच रोखावा. दुप्पट करण्याचा हा हिशोब काही शास्त्र नव्हे, अंदाज आहे. तक्रारी मात्र जीमेलच्या 0.3 टक्क्यांच्या रेषेपासून बऱ्याच खाली हव्यात.