निमुळता खांब आणि पाव हा उंबरठा

बांधकामाच्या जागी उभ्या असलेल्या क्रेनचा जाळीदार हात जरा निरखून पाहा. चार कोपऱ्यांवर चार लोखंडी अँगल आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, ज्यांना कारागीर लेसिंग म्हणतात. टोकाकडे हे चार अँगल एकमेकांच्या जवळ येतात, बुंध्याकडे फाकतात. अँगलची जाडी मात्र सगळीकडे तीच असते. असाच एक निमुळता खांब उभा केला आणि त्याच्या डोक्यावर वजन ठेवत गेलो, तर किती वजनाला तो एका बाजूला वाकून कोलमडेल?

सारख्या जाडीच्या खांबासाठी या प्रश्नाचं उत्तर लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये शोधलं. अशा कोलमडण्याला अभियंते बकलिंग म्हणतात. खांब सरळ असताना वजन थेट खाली उतरतं. पण तो किंचित वाकला, की वजनाची रेषा आणि खांबाची मधली रेषा यांत अंतर पडतं, आणि तेच वजन त्याला आणखी वाकवू लागतं. खांबाचा ताठपणा त्याला परत सरळ करू पाहतो. या दोघांची बरोबरी झाली, की खांब कोसळण्याच्या काठावर असतो.

निमुळत्या खांबात ताठपणा जागोजागी बदलतो, आणि कसा बदलतो हे इथे अगदी नेमकं सांगता येतं. चारही अँगलच्या रेषा अरुंद टोकाच्या पलीकडे मनातल्या मनात वाढवल्या, तर त्या एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूपासूनचं अंतर x म्हणू. मधल्या रेषेपासून अँगल किती दूर आहे, हे x च्या प्रमाणात वाढतं. ताठपणा त्या अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो Kx² असा लिहिता येतो. यातला K वजनाच्याच एककात येतो. खांबावरचं वजन P आणि खांब जागेवरून जितका सरकला ते y. मग बरोबरीचं समीकरण असं होतं:

x² y'' + c y = 0, c = P/K

इथे y'' म्हणजे वक्रता, खांब त्या जागी किती वेगाने वळतोय ते. वक्रतेत दोनदा लांबीने भागलेलं असतं आणि पुढचा x² दोनदा लांबीने गुणतो, म्हणून दोन्ही पदांचं माप एकच राहतं. अशा समीकरणाला समपरिमाणी म्हणतात. अभियांत्रिकीची मुलं त्याला कॉशीचं किंवा ऑयलरचं समीकरण म्हणून ओळखतात. पण मला त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की या समीकरणाच्या पोटात कुठलीच स्वतःची लांबी नाही. मीटरऐवजी फुटांत मोजा, किंवा सगळा खांब दुप्पट करा, समीकरण तसंच राहतं. त्या काल्पनिक बिंदूतून पाहिलं तर खांबाचा प्रत्येक भाग हा दुसऱ्या भागाचीच मोठी केलेली प्रत दिसतो.

मोजपट्टी बदलल्यावर ज्याचा आकार बदलत नाही, फक्त एका संख्येने गुणला जातो, असं फलन म्हणजे घात. म्हणून y = xᵐ घालून पाहायचं. दोनदा अवकलन केलं की m(m−1) बाहेर येतो आणि x चे दोन घात कमी होतात. पुढचा x² ते दोन घात परत भरून काढतो. सगळ्यातून xᵐ निघून जातो आणि मागे उरतं शाळेतलं साधं वर्गसमीकरण:

m² − m + c = 0, म्हणजेच m = ½ ± √(¼ − c)

सगळी गोष्ट या ¼ भोवती फिरते. खांबावरचं वजन हळूहळू वाढवत नेलं, की c वाढतो आणि मुळांचा स्वभाव आपल्या डोळ्यांसमोर बदलतो.

वजन कमी असताना, c पावापेक्षा लहान असताना, दोन वेगळी वास्तव मुळं मिळतात. उत्तर म्हणजे x च्या दोन वेगवेगळ्या घातांची बेरीज. अशी बेरीज फार तर एकदाच शून्य होऊ शकते. आपल्या खांबाची मात्र दोन्ही टोकं बिजागरीवर पक्की आहेत, म्हणजे y दोन ठिकाणी शून्य हवा. ते जमत नाही. म्हणून खांब वाकलेल्या अवस्थेत राहूच शकत नाही, तो सरळ राहतो.

c बरोबर पाव झाला, की दोन्ही मुळं एकमेकांवर येऊन बसतात: ½ आणि ½. आता √x हे एकच उत्तर हाती राहतं आणि दुसरं हरवल्यासारखं वाटतं. पाठ्यपुस्तक इथे सरळ सांगतं, की दुसऱ्या उत्तरासाठी ln x ने गुणा. ln x म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत विसरतात. खरं तर ते कुठून येतं हे पाहण्यासारखं आहे. मुळं अगदी जवळ आहेत पण एक नाहीत, असं समजा: ०.५१ आणि ०.४९. x = २ घेतला तर २ चा ०.५१ वा घात १.४२४०५ आणि ०.४९ वा घात १.४०४४५. हे दोन घातही समीकरणाची उत्तरं आहेत, त्यांचा फरकही उत्तरच, आणि त्या फरकाला मुळांमधल्या अंतराने, ०.०२ ने, भागलं तरी ते उत्तरच. भागाकार येतो सुमारे ०.९८०. आता √२ ला ln २ ने गुणून पाहा: तेही ०.९८०. मुळं एकत्र येताना त्यांच्यातला फरक पुसला जात नाही, तो √x ln x या रूपात मागे उरतो.

खांबाला मात्र याने फरक पडत नाही. ln x शून्यातून एकदाच जातो, त्यामुळे इथेही दोन्ही टोकं एकाच वेळी जागेवर ठेवून वाकता येत नाही.

वजन आणखी वाढवलं, c पावाच्या पुढे गेला, की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि मुळं संमिश्र होतात: ½ ± iβ, जिथे β² = c − ¼. x चा iβ वा घात म्हणजे काय, हा प्रश्न पहिल्यांदा सगळ्यांनाच अडवतो. x म्हणजे e चा ln x वा घात, एवढं लक्षात ठेवलं की अडचण सुटते. मग xⁱᵝ म्हणजे e चा iβ ln x वा घात, आणि ऑयलरच्याच सूत्राने त्यातून cos आणि sin बाहेर पडतात. शेवटी काल्पनिक काहीच उरत नाही:

y = √x [A cos(β ln x) + B sin(β ln x)]

ही लाट आहे, पण x वर नव्हे, ln x वर चालणारी. तिच्या दोन शून्यांमधलं अंतर सारखं नसतं, त्यांचं गुणोत्तर सारखं असतं. निमुळत्या टोकाशी लाट आखूड, रुंद बुंध्याकडे लांब. लाट एकाहून जास्त वेळा शून्यातून जाते, म्हणून आता दोन्ही टोकं जागेवर धरून मधे वाकणं शक्य झालं. अरुंद टोक x = a ला आणि रुंद टोक x = b ला असेल, तर β ln(b/a) बरोबर π झाल्यावर खांब पहिल्यांदा वाकतो. त्यातून मिळतं:

P = K [¼ + π²/ln²(b/a)]

आता खरे आकडे घालू. ५० × ५० × ६ मिलिमीटरचे चार अँगल घेतले, प्रत्येकाचं छेदक्षेत्र ५.६८ चौरस सेंटिमीटर. खांब १५ मीटर उंच. अरुंद टोकाला प्रत्येक अँगल मधल्या रेषेपासून १० सेंटिमीटर, बुंध्याशी २०. रुंदी दुप्पट होते, म्हणून काल्पनिक बिंदू अरुंद टोकाच्या १५ मीटर पलीकडे येतो: a = १५, b = ३०. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला, तर K येतो सुमारे २.०६ टन. ln २ म्हणजे ०.६९३, कंसातली बेरीज २०.८, आणि P सुमारे ४३ टन. साध्या बांधकामाचं पोलाद एवढ्या छेदक्षेत्रात सुमारे ५८ टनांना दबून कायमचं आखडू लागेल, म्हणजे त्याआधी बकलिंगच येतं आणि आपलं सूत्र अर्थपूर्ण ठरतं. खांब आखूड असता तर पोलाद आधी हरलं असतं आणि ही सगळी आकडेमोड कागदावरच राहिली असती. म्हणून ही तुलना दरवेळी करायलाच हवी.

घाईत असलेला माणूस काय करतो? मधल्या उंचीवरची रुंदी धरतो आणि ऑयलरचं सारख्या खांबाचं सूत्र लावतो. त्याला मिळतात जवळपास ४६ टन. म्हणजे खांब आहे त्यापेक्षा तो त्याला बळकट समजतो, आणि चूक धोक्याच्या बाजूला होते. कारण वाकलेल्या खांबाचं पोट बरोबर मध्यावर येत नाही. ते अरुंद टोकापासून ६.७ मीटरवर येतं, साडेसातवर नाही. खांब आपल्या कमकुवत बाजूला झुकून वाकतो.

पाव या संख्येचा खरा अर्थ मात्र खांब लांबवत नेल्यावर कळतो. अँगलचा फाक तोच ठेवून बुंध्याकडे खांब वाढवत जा. ४५ मीटरला तो ११ टन पेलतो, २२५ मीटरला सुमारे ३.२ टन. अरुंद टोकाच्याच रुंदीचा, सरळसोट खांब असता, तर ४५ मीटरला सव्वादोन टन आणि २२५ मीटरला अवघे ९० किलो. सरळ खांबाची ताकद लांबीच्या वर्गाने घटत शून्याकडे जाते. फाकणाऱ्या खांबाची घटते, पण K/४ च्या खाली कधीच जात नाही. आपल्या खांबासाठी ते आहेत सुमारे ५१५ किलो. तेवढ्या वजनाखाली मुळं वास्तवच राहतात, लाट तयारच होत नाही, मग लांबी कितीही असो. समीकरणातला हाच उंबरठा, c पावाहून मोठा असेल तरच उत्तरं पुन्हा पुन्हा शून्यातून जातात, आडॉल्फ क्नेझर या जर्मन गणितज्ञाने १८९३ मध्ये बऱ्याच व्यापक समीकरणांसाठी सिद्ध केला.

हे सगळं खांबाचं स्वतःचं वजन सोडून आहे. लेसिंगच्या पट्ट्याही थोड्या लवचीक असतात आणि खरा खांब जन्मतःच किंचित वाकडा असतो, म्हणून प्रत्यक्षात भार याहून कमीच धरावा लागतो. भरीव शंकूच्या आकाराच्या खांबाला तर हे सूत्र लावूच नये. तिथे ताठपणा x च्या चौथ्या घाताने बदलतो, दोन्ही पदांची मापं जुळत नाहीत आणि xᵐ घालून काहीच कापलं जात नाही. आणि x नेहमी त्या काल्पनिक बिंदूपासून मोजायचा, खांबाच्या टोकापासून नाही. ही चूक झाली आहे का, हे तपासायला खांब जवळजवळ सरळ करून पाहावं: b हा a पेक्षा अगदी थोडा मोठा घेतला, तर ln(b/a) म्हणजे लांबी भागिले a होतं, आणि सूत्रातून ऑयलरचं जुनं π²EI/L² बाहेर यायला हवं.