गाळता येणारा 'दॅट'

'द मिनिस्टर सेड ऑन मंडे द बिल हॅड बीन विथड्रॉन.' इंग्रजी बातमीत सहज खपून जाईल असं हे वाक्य आहे. पण सोमवारी नेमकं काय झालं? मंत्री सोमवारी बोलले, की विधेयक सोमवारी मागे घेतलं गेलं? वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. 'सेड ऑन मंडे दॅट' असं लिहिलं, तर सोमवार बोलण्याला चिकटतो. 'सेड दॅट ऑन मंडे' लिहिलं, तर तोच सोमवार विधेयकाकडे जातो. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखन-नियमावलीत बातमीदारांसाठी याबद्दल स्वतंत्र सूचना आहे. 'सेड'ला लागूनच उपवाक्य येत असेल, तर दॅट सहसा गाळला तरी चालतो. मध्ये वार किंवा वेळ आली, तर तो घालायचा. आणि शंका वाटली, तरी घालायचाच.

आपल्याकडच्या वर्गांत हा शब्द 'की' म्हणून शिकवला जातो आणि जोडीला एक वाक्य सांगितलं जातं: 'इथे दॅट ऐच्छिक आहे.' या 'ऐच्छिक'मुळे असं वाटतं, की घालणं-गाळणं निव्वळ बोलणाऱ्याच्या लहरीवर आहे. प्रत्यक्ष वापर मोजून पाहिला, तर त्यात लहर फारच थोडी सापडते.

आधी हा दॅट बसतो कुठे, ते पाहायला हवं. 'आय नो हिज नेम' या वाक्यात 'हिज नेम'च्या जागी एक अख्खं वाक्य ठेवता येतं: 'आय नो दॅट ही लिव्ज इन सातारा.' नामाची जागा घेणाऱ्या अशा वाक्याला मराठी व्याकरणात नामवाक्य म्हणतात. पोटात विधान असेल, तर त्याच्या तोंडाशी दॅट येतो. 'तो साताऱ्याला राहतो का?' असा हो-नाहीचा प्रश्न असेल, तर व्हेदर येतो: 'आय डोन्ट नो व्हेदर ही लिव्ज इन सातारा.' आणि 'कुठे, कोण, काय, का' अशा शब्दाचा प्रश्न असेल, तर तो शब्द स्वतःच तोंडाशी उभा राहतो: 'आय नो व्हेअर ही लिव्ज.'

या तिघांत दॅटच का गाळता येतो, हे एवढ्यावरून कळतं. व्हेअर काढला, तर ठिकाणाचा प्रश्न नाहीसा होतो. व्हेदर काढला, तर 'की नाही' ही शंकाच उडून जाते. दॅटकडे मात्र स्वतःचा असा अर्थ नाही. त्याचं काम एकच: इथून पुढे दुसरं वाक्य सुरू होतंय, एवढं सांगणं. ते काम दुसऱ्या कशाने होत असेल, तर त्याला सुट्टी मिळते.

मराठीभाषकाची एक सवय इथे आडवी येते. आपला 'की' विधानाआधीही चालतो आणि प्रश्नाआधीही: 'ती म्हणाली की मी येते', 'तिने विचारलं की तू कुठे चाललास'. त्यामुळे 'शी आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग' असं इंग्रजी तोंडातून सहज निघून जातं. यात दोन गोष्टी चुकतात. आजच्या प्रमाण इंग्रजीत नामवाक्याच्या दारात एकालाच उभं राहता येतं. व्हेअर आला, की दॅट बाहेर. दुसरं म्हणजे प्रश्न पोटात गेला, की त्याचा उलटा क्रम सुलटा होतो. बरोबर वाक्य होतं: 'शी आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' गंमत अशी, की 14 व्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीत अशा शब्दांना लागून दॅट सर्रास येत असे. त्या काळी पहिली चूक चूक ठरली नसती.

व्हेदरच्या जागी बोलण्यात बऱ्याचदा 'इफ' येतो आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण 'लेट मी नो इफ यू आर कमिंग' या निरोपाचे दोन अर्थ होतात. 'येणार की नाही, ते कळव' हा एक. 'येणार असशील, तर कळव' हा दुसरा. दुसरा अर्थ धरून न येणारा पाहुणा गप्प बसतो आणि पहिला अर्थ मनात असलेला यजमान उत्तराची वाट पाहत राहतो. व्हेदरने असा घोटाळा होत नाही. शब्दयोगी अव्ययानंतर ('अबाउट व्हेदर'), 'टू'च्या आधी ('व्हेदर टू गो') आणि वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून तर 'इफ' चालतच नाही.

आता दॅटची सुट्टी. ती कुठे मिळत नाही, हे आधी पाहिलेलं सोपं. 'दॅट ही लाइड इज ऑब्व्हियस' या वाक्यात नामवाक्य कर्ता आहे आणि अगदी सुरुवातीला आहे. दॅट काढून 'ही लाइड इज ऑब्व्हियस' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला 'तो खोटं बोलला' हे पूर्ण वाक्य वाटतं आणि पुढचा 'इज' लोंबकळत राहतो. तेच नामवाक्य मागे नेलं, की अडचण संपते: 'इट इज ऑब्व्हियस ही लाइड.' मुख्य क्रियापद आधीच येऊन गेल्यामुळे पुढे काय येणार, याचा ऐकणाऱ्याला अंदाज असतो.

क्रियापद कोणतं, यावरही बरंच ठरतं. 'थिंक', 'नो', 'से', 'होप', 'सपोज' ही रोजची क्रियापदं दॅटशिवाय अगदी आरामात चालतात. 'व्हिस्पर', 'शाउट', 'मंबल' अशी बोलण्याची तऱ्हा सांगणारी क्रियापदं मात्र दॅट सहसा सोडत नाहीत. 'शी व्हिस्पर्ड ही वॉज लेट' कानाला खटकतं. 'रिप्लाय' आणि 'ऑब्जेक्ट' यांचंही तसंच. 'द फॅक्ट', 'द क्लेम' अशा नामांनंतर बोलताना तो कधीकधी गळतो, पण लिहिताना ठेवलेला बरा.

यामागचं कारण फ्लोरियन येगर या भाषाशास्त्रज्ञाने 2010 मध्ये टेलिफोनवरच्या अमेरिकन संभाषणांच्या संग्रहातून दाखवलं. एखादं क्रियापद ऐकल्यावर पुढे उपवाक्य येण्याची शक्यता जितकी जास्त, तितका दॅट कमी. 'आय गेस' म्हटल्यावर पुढे वाक्यच येणार, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. पण ज्या क्रियापदापुढे बहुधा नुसतं कर्म येतं, तिथे उपवाक्य अनपेक्षित ठरतं आणि बोलणारा दॅट घालून ऐकणाऱ्याला जरा उसंत देतो.

अनपेक्षित उपवाक्य वाचकाला कसं चकवतं, ते 'शी बिलीव्ड द डॉक्टर वॉज राँग' या वाक्यात दिसतं. 'शी बिलीव्ड द डॉक्टर' इथपर्यंत वाचलं, की तिने डॉक्टरवर विश्वास ठेवला असं वाटतं. पुढचे दोन शब्द आले, की अर्थ थेट उलटा होतो. बोलताना आवाजाच्या चढउताराने हे सावरलं जातं, कागदावर ती सोय नसते. 'बिलीव्ड'नंतर दॅट घातला, तर वाचकाला मागे फिरावं लागत नाही. 'द डॉक्टर'च्या जागी 'ही' असता, तर दॅटची गरजही पडली नसती. कर्म असतं, तर 'हिम' आलं असतं. 'ही' दिसताच नवा कर्ता आला, हे कळतं. उपवाक्याचा कर्ता सर्वनाम असेल, तेव्हा इंग्रजीभाषक दॅट जास्त गाळतात, त्याला हे एक कारण शोभतं.

शोभतं, पण पुरत नाही. 'यू' हा शब्द कर्ता असो वा कर्म, सारखाच दिसतो. मग 'द कोच न्यू यू मिस्ड प्रॅक्टिस' या वाक्यात घोटाळा टाळायला बोलणारे दॅट जास्त घालतात का? व्हिक्टर फेरेरा आणि गॅरी डेल यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अशी वाक्यं वाचायला देऊन नंतर आठवून म्हणायला लावली. 'यू' असो वा 'आय', दॅटच्या प्रमाणात फरक पडला नाही. मात्र 'आय न्यू आय...' असा कर्ता पुन्हा तोच आला, की दॅट कमी झाला. पुढचा शब्द जिभेवर तयार असेल, तर माणूस थांबत नाही. नसेल, तर दॅट म्हणेपर्यंत तो सुचतो. म्हणजे बोलताना दॅट ऐकणाऱ्याइतकाच, कदाचित जास्तच, बोलणाऱ्याच्या उपयोगी पडतो. लिहिणाऱ्याला असा वेळ काढायची गरज नसते, म्हणून तिथे वाचकाचाच विचार करायचा.

बोलणं आणि लिहिणं यांतला फरक आकड्यांतही उतरला आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सिद्ध केलेल्या लाँगमनच्या मोठ्या व्याकरणात, प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवरून, गप्पांमध्ये दॅट गाळणं ही रीत आणि शास्त्रीय लेखनात तो ठेवणं ही रीत, असं आढळलं. सँड्रा थॉम्पसन आणि अँथनी म्यूलॅक यांनी त्याआधी, 1991 मध्ये, संभाषणातल्या 'आय थिंक'कडे लक्ष वेधलं होतं. त्याच्यामागे दॅट क्वचितच येतो, कारण तिथे मुळात 'मी विचार करतो' असं कुणी सांगतच नसतं. 'आय थिंक इट्स रेनिंग' आणि 'इट्स रेनिंग, आय थिंक' यांत मराठीतल्या 'बहुतेक'पेक्षा जास्त काही नाही. 'आय थिंक दॅट' म्हटलं, की ते मत म्हणून ठासून मांडल्यासारखं वाटतं. सभेत ते शोभतं. पावसाबद्दल बोलताना जरा जड होतं.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे दॅट गाळावाच लागतो. त्याने काय चोरलं, हे विचारताना 'व्हॉट डू यू थिंक ही स्टोल?' म्हणा किंवा 'व्हॉट डू यू थिंक दॅट ही स्टोल?' म्हणा, दोन्ही चालतं. पण चोर कोण, हे विचारायचं असेल, तर फक्त 'हू डू यू थिंक स्टोल इट?' 'थिंक'नंतर दॅट घातला, तर बहुतेक इंग्रजीभाषकांना वाक्य मोडल्यासारखं वाटतं. उपवाक्याचा कर्ता उचलून पुढे नेला, की त्याच्या रिकाम्या जागेला लागून दॅट नको. डेव्हिड पर्लमटर यांनी 1971 च्या पुस्तकात या बंदीची चर्चा केली आणि इटालियन, स्पॅनिशसारख्या भाषांत ती नसल्याकडेही भाषाशास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. या भाषांत कर्ता एरवीही गाळता येतो. मराठीतही ती बंदी नाही: 'हे कोणी चोरलं असं तुला वाटतं?' या वाक्यात 'असं' जागच्या जागी राहतं आणि कुणालाही खटकत नाही.