हिरवी टिकली आणि अडलेला अर्ज

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या वेबसाइटवरचा सभासदत्वाचा अर्ज घेऊ. नाव, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख आणि शेवटी ‘पाठवा’ असं बटण. अंध वाचकालाही तो भरता यावा, म्हणून साइट तयार करणाऱ्याने ॲक्स किंवा लाइटहाउस यांसारखं तपासणीचं साधन चालवलं. क्षणभरात निकाल आला: दोन रकान्यांना लेबल नाही, सूचनांचा राखाडी रंग फिका आहे. त्याने दुरुस्त्या केल्या, सगळीकडे हिरव्या टिकल्या दिसल्या आणि काम झालं असं त्याला वाटलं. अर्ज मात्र अजून भरता येत नव्हता.

रंगांच्या बाबतीत ही साधनं भरवशाची, कारण तिथे निव्वळ गणित असतं. वेबच्या मान्य निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान 4.5 ला 1 हवा. पांढऱ्यावर #999999 हा राखाडी रंग जेमतेम 2.85 भरतो; थोडा गडद करून #767676 घेतला की 4.54 मिळतात. देवनागरीत मी तरी याहूनही गडद रंग वापरेन. फिक्या छपाईत अनुस्वाराचा ठिपका आधी हरवतो, आणि मग शब्द अंदाजाने वाचावा लागतो. मजकूर फोटोवर छापला असेल, तर मात्र साधन बहुधा ‘स्वतः पाहा’ एवढंच सांगतं.

लेबलाचं प्रकरण जास्त नाजूक. रकान्याशेजारी ‘मोबाइल नंबर’ असं लिहिलेलं डोळ्यांना दिसतं, पण ते शब्द आणि तो रकाना कोडमध्ये बांधलेले नसतील, तर स्क्रीन रीडर नुसतं ‘एडिट’ म्हणून थांबतो. काय भरायचं ते कळतच नाही. बांधणी अशी करतात:

```html
<label for="mobile">मोबाइल नंबर</label>
<input id="mobile" type="tel">
```

जमलं की नाही ते माउसने पाहता येतं. लेबलाच्या शब्दांवर क्लिक केलं की कर्सर रकान्यात गेला पाहिजे.

आपल्या अर्जात मात्र लेबल दिसू न देता aria-label ने दिलं होतं, आणि मोबाइलची ओळ कॉपी करून ईमेलसाठी वापरताना आतलं नाव बदलायचं राहिलं. पडद्यावर ‘ईमेल’ दिसतं, कानावर पुन्हा ‘मोबाइल नंबर’ पडतं. वाचक दुसऱ्यांदा नंबर टाइप करतो आणि अर्ज परत येतो. साधन फक्त नाव आहे की नाही ते पाहतं. ते नाव बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही.

मराठी साइटवर याच जातीची आणखी एक चूक सर्रास आढळते. तयार साच्यात पानाची भाषा lang="en" अशी लिहिलेली असते आणि ती तशीच राहते. कोड वैध असल्यामुळे साधन ते पास करतं. पण स्क्रीन रीडर त्यावर विसंबून इंग्रजी आवाज निवडतो, आणि देवनागरी समोर आली की तो आवाज शब्द गाळतो किंवा भलतंच काही बोलतो. तिथे lang="mr" लिहायचं, बस.

मग माउस बाजूला ठेवून टॅबच्या कळीने अर्जात फिरून पाहायचं. प्रत्येक टॅबला आपण कुठे आहोत ते चौकटीने दिसलं पाहिजे. ती कुरूप वाटते म्हणून outline: none लिहून काढून टाकणं हा कीबोर्डवाल्यावर उघड अन्याय आहे. आपल्या अर्जात टॅब जन्मतारखेवरून थेट तळटीपेत उडी मारतो. ‘पाठवा’ हे बटण नव्हतंच मुळी. `div` ला रंग देऊन क्लिक जोडलेलं होतं. त्यावर टॅब थांबत नाही, एंटर चालत नाही. त्याजागी खरा `button` ठेवला की टॅब, एंटर, स्पेस तिन्ही आपोआप चालू लागतात.

त्यानंतर विंडोजवर मोफत मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू करायचा, पडदा झाकायचा आणि अर्जात मुद्दाम एक चूक करून तो पाठवायचा. इथेच बहुतेक अर्ज नापास होतात. पडद्यावर लाल अक्षरांत ‘ईमेल चुकीचा’ असं येतं, कानात शांतता. चुकलेल्या रकान्यावर कर्सर नेऊन ठेवला आणि सूचना aria-describedby ने त्याच रकान्याला जोडली, तर नाव आणि चूक एकापाठोपाठ ऐकू येतात.

शेवटची तपासणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून, मोबदला देऊन, करून घ्यावी. तो अर्ज भरत असताना ‘आता खाली जा’ असं सांगायचं नाही. तो जिथे थबकतो, ती जागा टिपून ठेवायची.