पाच शहरे, एक बैठक

दिवाळी अंकाच्या संपादक मंडळात नऊ जण आहेत असे समजू. चार पुण्यात, दोन न्यू जर्सीत, आणि लंडन, सॅन होजे व सिडनी येथे एकेक. जुलैत सर्वांची ऑनलाइन बैठक घ्यायची आहे. ‘कधी जमेल?’ एवढेच गटात विचारले तर नऊ उत्तरे येतात आणि प्रत्येकाच्या मनात आपल्याच गावची वेळ असते. म्हणून मोजक्या वेळा ठरवून त्यांवर मतचाचणी, म्हणजे पोल, घेतात. खरे काम मात्र पोल टाकण्याआधी, पर्याय निवडताना होते.

पर्याय निवडायला सगळ्या वेळा एकाच मापात आणाव्या लागतात. ते माप म्हणजे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. जुलैत लंडन एक तास आणि सिडनी दहा तास पुढे असते, तर न्यू जर्सी चार तास आणि सॅन होजे सात तास मागे. आता पुण्यातली शनिवारची रात्री साडेआठची वेळ तपासू. लंडनमध्ये तेव्हा दुपारचे चार, न्यू जर्सीत सकाळचे अकरा, सॅन होजेत सकाळचे आठ वाजलेले असतात. वेळ उत्तमच वाटते, पण सिडनीत तेव्हा रविवार उजाडून रात्रीचा एक झालेला असतो. पुण्यात रविवारी सकाळी साडेसहाला बैठक ठेवली तर सिडनीत अकरा वाजलेले असतात, अमेरिकेत अजून शनिवारची संध्याकाळ किंवा रात्र असते, आणि लंडनकराला पहाटे दोनला उठावे लागते. तिसरा पर्याय शनिवारी संध्याकाळी साडेपाचचा. न्यू जर्सीत सकाळचे आठ, लंडनमध्ये दुपारचा एक, सिडनीत रात्रीचे दहा, पण सॅन होजेत पहाटेचे पाच. पाचही शहरांना सोयीची वेळ या नकाशात नाहीच. हे आधी कळले की पोलमध्ये वीस पर्याय टाकण्याचा मोह टळतो. हे तीन पुरेसे आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये पर्याय हा नुसता मजकूर असतो. वेळ प्रत्येकाच्या गावानुसार आपोआप बदलून दिसत नाही. तिथे प्रत्येक पर्यायात शहर, वार आणि वेळ लिहावी लागते, नाहीतर शनिवार-रविवारचा घोळ होतोच. ‘आयएसटी’ किंवा ‘ईएसटी’ अशी आद्याक्षरे टाळलेली बरी: आयएसटी हे भारताप्रमाणेच आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही म्हणतात, आणि जुलैत न्यू जर्सीत ईएसटी नसून ईडीटी चालू असते. डूडलसारख्या साधनात वेळक्षेत्राची सोय चालू केली तर प्रत्येकाला आपल्या गावची वेळ दिसते. मात्र प्रवासात असलेल्याने कोणते वेळक्षेत्र निवडले गेले आहे ते पाहून घ्यावे.

उत्तरे केवळ ‘हो’ आणि ‘नाही’ अशी ठेवली तर पोल फसवतो. रात्री दहाला बसणे त्रासाचे असते, अशक्य नसते. म्हणून ‘सोयीचे’, ‘जमवता येईल’ आणि ‘अशक्य’ अशी तीन उत्तरे हवीत, आणि एकाहून अधिक पर्यायांवर मत देण्याची मुभाही. आपल्या उदाहरणात साडेआठच्या पर्यायाला आठ जण ‘सोयीचे’ म्हणतील आणि एक जण ‘अशक्य’. साडेपाचला सात जणांना सोयीचे होईल, सिडनीकर ‘जमवता येईल’ म्हणेल, आणि सॅन होजेकर पहाटे पाचला तयार असेल तर एकही ‘अशक्य’ उरणार नाही. नुसती मते मोजली तर साडेआठ जिंकते, ‘अशक्य’ आधी वगळले तर साडेपाच. सगळ्यांचा निर्णय हवा असेल तेव्हा दुसरी रीत धरावी. पुण्याची चार मते एकत्र पडत असल्याने पहिल्या रीतीत एकट्या शहरातला माणूस प्रत्येक वेळी हरतो.

बैठक महिन्यातून एकदा होणार असेल तर त्रास फिरता ठेवता येतो: एका महिन्यात पुण्याची रात्र, पुढच्या महिन्यात पुण्याची पहाट. पहिल्यात सिडनीकर सुटतो, दुसऱ्यात लंडनकर, आणि ज्याला येता आले नाही त्याचे मत आधीच लेखी मागवता येते. हे फिरणे पोलच्या वेळीच जाहीर केले तर उत्तरे मोकळेपणाने येतात.

ठरलेली वेळ फार तर सप्टेंबरअखेरपर्यंत धरून चालावी. भारतात घड्याळ बदलत नाही, पण सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास पुढे जाते, लंडनमध्ये त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास मागे येते. त्यामुळे पुण्यातली साडेपाचची वेळ तशीच ठेवली तर नोव्हेंबरात सिडनीत रात्रीचे अकरा आणि सॅन होजेत पहाटेचे चार वाजलेले असतात. जुलैत ‘जमवता येईल’ म्हणणारे दोघेही आता अशक्यच्या काठावर येतात, आणि पोल नव्याने घ्यावा लागतो.