गुलाबाला पानंच पानं, फूल मात्र नाही

पुण्यातल्या एका पूर्वेकडच्या गॅलरीतला हा गुलाब. बारा इंची कुंडी, छातीपर्यंत वाढलेलं झाड, पानं हिरवीगार आणि वर्षभरात एकही कळी नाही. मालकीणबाईंनी दर पंधरवड्याला चमचाभर युरिया घातला, रोजचा चहाचा चोथाही घातला. अशा झाडाबद्दल शेजारीपाजारी ठामपणे जे सांगतात, त्यातलं बरंचसं अर्धवट खरं असतं.

पहिली समजूत अशी की झाड जोमात आहे, म्हणजे फूल आज ना उद्या येईलच. पण आधी वाढतंय ते कोण, हे बघायला हवं. नर्सरीतला गुलाब बहुधा कलमी असतो. रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो, आणि त्या जागी खोडाला गाठ दिसते. गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून निघालेला फुटवा खुंटाचा असतो. तो भराभर उंच होतो, वरच्या कलमाचं अन्नपाणी पळवतो आणि फुललाच तर वर्षातून एकदा बारीक फुलांचा झुबका देतो. 'पाच पानांची डहाळी चांगली, सात पानांची जंगली' ही खूण मात्र फसवी आहे, कारण चांगल्या जातींनाही जोमदार फांदीवर सात पानं येतात. खरी खूण उगमाची. माती जरा बाजूला सारून फांदी जिथून निघाली तिथपर्यंत जावं. या झाडाच्या दोन सर्वांत उंच फांद्या गाठीखालच्याच निघाल्या. असे फुटवे नुसते छाटले तर बुडाशी उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा उठतात, म्हणून ते उगमापाशी धरून खाली ओढून उपटावे लागतात.

दुसरी समजूत: फूल येत नाही, म्हणजे खत कमी पडतंय. आजच्या बारमाही गुलाबाचा स्वभाव असा की प्रत्येक नवी फांदी शेवटी कळीवर थांबायला बघते. फूल येत नाही तेव्हा बहुतेकदा कळी अगदी बारीक असतानाच सुकून गेलेली असते आणि फांदीचं टोक एका पानाशी संपतं. याला आंधळा फुटवा म्हणतात. त्याचं मोठं कारण म्हणजे अपुरं ऊन. गुलाबाला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. लख्ख उजेड हा त्याला पर्याय नाही. या गॅलरीत समोरच्या इमारतीमुळे ऊन साडेनऊला यायचं आणि बाराला सरकायचं. उत्तरेच्या गॅलरीत तर आणखी फसगत होते: मे-जूनमध्ये थोडं ऊन आत येतं म्हणून तिथे कुंडी ठेवावी, आणि हिवाळ्यात, ऐन गुलाबाच्या हंगामात, तिथे ऊन फिरकतही नाही.

नत्र जास्त झालं की फुलं येत नाहीत, हेही तेवढंच अर्धवट. तळेगाव-मावळच्या पॉलीहाऊसमधल्या गुलाबांना नत्र नियमित मिळतं आणि फुलंही येतात, कारण सोबत भरपूर उजेड, पालाश आणि सततची कापणी असते. सावलीत मात्र तोच युरिया लांबलचक, लुसलुशीत फांद्या देतो आणि त्यांवर मावा धावून येतो. इथे युरिया आणि चोथा दोन्ही बंद केले, कुंडी गच्चीवर नेली आणि छाटणीनंतर दोन मुठी मुरलेलं शेणखत व एक मोठा चमचा बोनमील मातीत मिसळलं. नवी पालवी आल्यावर दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात एक ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. एवढं पुरतं.

छाटणीची भीती मला सर्वांत अनाठायी वाटते. फूल नव्या फुटव्यावर येतं, तेव्हा जुन्या काड्या जपून काय मिळणार? आपल्याकडे मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करतात. मेलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या फांद्या काढायच्या. उरलेल्या चार-पाच निरोगी फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या. काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरका द्यायचा आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावायची. कात्री धारदार हवी; बोथट कात्रीने काडी चेचते आणि तिथून वाळत खाली जाते. पुढे फूल सुकलं की नुसती मान न खुडता खालच्या पहिल्या सशक्त, पाच पानांच्या डहाळीच्या जरा वर कापायचं. आंधळा फुटवाही असाच मागे कापला तर पुढचा फुटवा कळी धरू शकतो.

हे सगळं वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जुन्या वेली गुलाबांना लागू नाही. त्यांची फुलं आदल्या वर्षीच्या फांदीवर येतात, म्हणून त्यांची छाटणी बहर संपल्यावरच करावी.

ऑक्टोबरात छाटलेल्या बारमाही गुलाबाला साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं यायला हवीत. डिसेंबर उजाडला तरी गाठीच्या वरचे बहुतेक फुटवे आंधळेच राहिले, तर खताची पिशवी न उघडता कुंडीची जागा बदलावी.