प्रतिक्रिया शॉट (विनोदी प्रहसनाचे संकलन)

प्रतिक्रिया शॉट म्हणजे बोलणाऱ्या पात्राऐवजी ते बोलणे ऐकणाऱ्या पात्राचा चेहरा किंवा हालचाल दाखवणारा शॉट. विनोदी लघुप्रहसनात हा शॉट विनोदाचा अर्थ प्रेक्षकाच्या लक्षात येण्यास अवधी देतो आणि हसण्यासाठी जागा करतो. म्हणून तो कोणत्या क्षणी सुरू करावा, किती वेळ ठेवावा आणि त्यानंतर पुढचे वाक्य केव्हा येऊ द्यावे, हे प्रहसनाच्या संकलकापुढचे मुख्य प्रश्न असतात.

## रंगमंच आणि संकलन यांतील फरक

रंगमंचावर विनोदानंतरचा थांबा प्रेक्षक ठरवतात. हशा उसळला की नट थांबतो आणि तो ओसरू लागताच पुढचे वाक्य उच्चारतो. झी मराठी वाहिनीवर २०१४ मध्ये सुरू झालेला *चला हवा येऊ द्या* आणि सोनी मराठी वाहिनीवर २०१८ पासून सादर झालेला *महाराष्ट्राची हास्यजत्रा* या कार्यक्रमांतील प्रहसने समोर बसलेल्या लोकांपुढे सादर होतात. त्यामुळे नटांचे थांबे चित्रणातच आलेले असतात. *हास्यजत्रे*त परीक्षकांचे हसरे चेहरे मधूनमधून दाखवले जातात. तेही प्रतिक्रिया शॉटच होत, परंतु ते कथेबाहेरच्या व्यक्तींचे असतात.

एकाच कॅमेऱ्याने किंवा मोबाइलवर, प्रेक्षकांविना चित्रित केलेल्या प्रहसनात ही सोय नसते. नट एकापाठोपाठ एक वाक्ये म्हणतात आणि त्यांमध्ये हशासाठी जागा राहत नाही. ती जागा संकलकाला नंतर निर्माण करावी लागते. बोलणाऱ्याच्या शॉटमध्ये नुसता थांबा वाढवला, तर नट पुढचे वाक्य विसरला असावा असे वाटते. तोच अवधी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घालवला, तर तो कथेचाच भाग होतो.

## वाक्याचा शेवट आणि कट

मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि नकार क्रियापदाच्याही नंतर येऊ शकतो. त्यामुळे अर्थाला कलाटणी देणारा शब्द अनेकदा वाक्यातील अखेरचा शब्द असतो. तो पुरता उच्चारला जाण्याआधीच ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवला, तर प्रेक्षकाचे लक्ष शब्दाकडून चेहऱ्याकडे जाते. चेहरा आधीच बदललेला असेल, तर विनोद फुटतो. म्हणून कलाटणीचा शब्द सहसा बोलणाऱ्याच्या शॉटमध्येच पूर्ण होऊ देतात.

वऱ्हाडी बोलीतील प्रहसनांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बोलीच्या लयीमुळे कलाटणीच्या शब्दानंतर ‘ना जी’, ‘ना बाप्पा’, ‘बे’ असे शेपूट जोडले जाते. बोलण्यात ते गोड वाटते, पण विनोदानंतर लगेच आल्यास कलाटणीचा जोर कमी करते. असे शेपूट गाळण्याऐवजी ऐकणाऱ्याच्या शॉटवर ऐकवणे हा एक उपाय आहे. चित्र बदलूनही आधीच्या शॉटमधील आवाज पुढे चालू ठेवण्याच्या या पद्धतीस ‘एल-कट’ म्हणतात. याउलट, पुढच्या शॉटचा आवाज चित्राआधी ऐकू येतो तेव्हा त्यास ‘जे-कट’ म्हणतात.

## उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चांदीच्या दुकानात घडणारे पुढील प्रहसन कल्पित आहे. एक जोडपे तोरड्या घेण्यासाठी आले आहे. नवरा चांदी शुद्ध आहे ना, असे पुन्हा पुन्हा विचारतो. बायकोने पैसे काढण्यासाठी पर्स उघडून हातात धरली आहे. दुकानदार छाती पुढे काढून सांगतो :

> “चाळीस वर्सं झाली दुकानाले. एक बी गिऱ्हाईक वापस आलं नाई. इश्वास ठेवा ना जी.”

एकही ग्राहक तक्रार घेऊन परतला नाही, असे दुकानदाराला म्हणायचे आहे. ऐकणाऱ्याला मात्र, एकदा आलेला ग्राहक पुन्हा या दुकानाची पायरी चढला नाही, असा अर्थ लागतो. विनोद या दुसऱ्या अर्थात आहे आणि तो लागायला प्रेक्षकाला क्षणभर वेळ हवा असतो.

चित्रण सेकंदाला २५ फ्रेम या गतीचे आहे आणि दुकानदाराने ‘नाई’ व ‘इश्वास’ या शब्दांमध्ये जेमतेम ८ फ्रेमचा श्वास घेतला आहे, असे धरू. मूळ टेक जसाच्या तसा ठेवला, तर दुसरा अर्थ लागण्याआधीच पुढचे वाक्य सुरू होते आणि विनोद वाया जातो. संकलक पुढीलप्रमाणे मांडणी करू शकतो.

1. दुकानदार, ८ फ्रेम. ‘नाई’ हा शब्द संपल्यावर त्याचे समाधानी हसू दिसते. त्याचे ओठ पुन्हा हलण्याआधी कट येतो.
2. नवरा, ३४ फ्रेम. पहिल्या १२ फ्रेममध्ये तो आधीसारखीच मान डोलावत असतो. मग मान थांबते आणि नजर दुकानदारावरून तोरड्यांकडे सरकते. मान डोलावण्याच्या काळात प्रेक्षकही पहिल्याच अर्थावर असतो आणि मान थांबते तेव्हा दोघांनाही दुसरा अर्थ लागतो.
3. बायको, ४५ फ्रेम. चेहरा न बदलता ती पर्स बंद करते. दहाव्या फ्रेमवर पर्सची ‘टक्’ ऐकू येते. बाविसाव्या फ्रेमपासून दुकानदाराचा आवाज येतो : “इश्वास ठेवा ना जी.”

मूळ चित्रणात विनोदाला चिकटलेले शेवटचे वाक्य येथे सुमारे सव्वादोन सेकंद पुढे गेले आहे. दुकानदाराचे तोंड त्या वेळी पडद्यावर नसल्याने आवाज हवा तेथे सरकवता येतो. पर्स बंद झाल्यानंतर आल्यामुळे त्याच वाक्यावर दुसरा हशा मिळू शकतो. तिन्ही शॉट मिळून ८७ फ्रेम, म्हणजे साधारण साडेतीन सेकंद होतात.

या संख्या नियम नव्हेत. विनोद सहज कळणारा असेल, तर नवऱ्याचा शॉट निम्म्यावर आणता येतो. अनेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतात, त्यामुळे तेथे फ्रेमऐवजी सेकंदांत मोजणे सोयीचे ठरते.

## प्रतिक्रियांचा क्रम

वरील मांडणीत दोन प्रतिक्रिया आहेत, परंतु त्यांचे काम वेगळे आहे. नवऱ्याला अर्थ कळतो, बायको त्यावर निर्णय घेते. दुसरी प्रतिक्रिया गोष्ट पुढे नेते, म्हणून ती पुनरुक्ती वाटत नाही. त्यानंतर दुकानातील नोकराचाही चकित चेहरा दाखवला, तर प्रेक्षकाला आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगितल्यासारखे होते आणि हशा विरतो. सर्वांत लहान, पण परिणाम घडवणारी कृती शेवटी ठेवावी, हा क्रम म्हणूनच उपयोगी पडतो. बायकोचा शॉट आधी घेतल्यास नवऱ्याची थांबलेली मान निरर्थक ठरते.

## चेहऱ्यावरील भाव

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास केलेला प्रयोग या संदर्भात सांगितला जातो. अभिनेते इव्हान मोझुखिन यांच्या चेहऱ्याचे एकच चित्र कधी सूपच्या थाळीशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडले असता प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसले, असे त्याचे वर्णन आहे. शेजारच्या शॉटमुळे चेहऱ्याला अर्थ मिळतो, हे तत्त्व त्यावरून ‘कुलेशोव्ह परिणाम’ म्हणून ओळखले जाते.

याच कारणाने विनोदी प्रहसनात अनेकदा कोरा चेहरा अधिक उपयोगी पडतो. डोळे विस्फारून व तोंड उघडून दिलेली प्रतिक्रिया विनोदाचा अर्थ प्रेक्षकाऐवजी स्वतःच सांगून टाकते. टेक सुरू होण्याआधी किंवा ‘कट’ म्हटल्यानंतर नट सहज उभा असतानाचे काही क्षणही प्रतिक्रिया म्हणून वापरता येतात. अट इतकीच की, त्याची नजर योग्य दिशेला असावी. दुकानदार चौकटीत उजवीकडे पाहत असेल, तर नवऱ्याने डावीकडे पाहायला हवे, अन्यथा दोघे एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटत नाही.

## चित्रणाच्या वेळची तयारी

संकलनात निवड करता यावी यासाठी ऐकणाऱ्या पात्राचे चित्रण पूर्ण संवादभर स्वतंत्रपणे करावे लागते. समोरच्या नटाने कॅमेऱ्यामागून संवाद म्हणावेत आणि विनोदाचे वाक्य झाल्यावर कॅमेरा आणखी चार-पाच सेकंद चालू ठेवावा. संवाद अनेकदा ऐकलेला नट विनोद येण्याआधीच ओठ दाबू लागतो, म्हणून पहिले टेक जपून ठेवलेले बरे.

जागेचा मूळ आवाजही लागतो. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वर्दळ असा अर्धा मिनिट आवाज कोणीही न बोलता ध्वनिमुद्रित करतात. वाढवलेल्या थांब्याखाली तो जोडला नाही, तर त्या जागी संपूर्ण शांतता पसरते आणि थांब्याऐवजी ध्वनीतील बिघाड जाणवतो.

## सामान्य दोष व चाचणी

संकलकाने एकच विनोद अनेकदा पाहिलेला असतो. त्याला दुसरा अर्थ लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो थांबा आणखी कमी करत जातो. यावर उपाय म्हणजे प्रहसन पूर्वी न पाहिलेल्या चार-पाच जणांना दाखवणे आणि त्या वेळी पडद्याऐवजी त्यांच्याकडे पाहणे.

* हसण्यात पुढचे वाक्य ऐकू आले नाही, तर थांबा अपुरा आहे.
* हसू संपले तरी प्रतिक्रिया शॉट चालूच असेल, तर तो लांबला आहे.
* बोलणाऱ्याचे वाक्य संपण्याआधी हसू आले, तर प्रतिक्रिया लवकर दाखवली आहे किंवा विनोद आधीच उघड झाला आहे.
* कोणी हसलेच नाही, तर प्रथम दुसरा अर्थ कळला का, हे विचारावे लागते. तो कळलाच नसेल, तर दोष संहितेत किंवा उच्चारात असतो आणि कट हलवून तो दूर होत नाही.

चाचणीलाही मर्यादा आहे. समूहात हसू अधिक वेळ टिकते, तर मोबाइलवर एकट्याने पाहणारा प्रेक्षक अनेकदा नुसता स्मित करतो. सभागृहासाठी योग्य ठरलेला थांबा मोबाइलवर रेंगाळल्यासारखा वाटू शकतो. त्यामुळे प्रहसन मुख्यतः कोठे पाहिले जाणार आहे, हे ठरवून त्याच परिस्थितीत चाचणी घेणे इष्ट असते.

## हेही पाहा

* चित्रपट संकलन
* प्रहसन
* वऱ्हाडी बोली
* खामगाव